‘यस्टरडे’ असताना ‘हॅव सीन’ का चुकतं: इंग्रजी काळाच्या प्रश्नातली नेहमीची चूक कशी शोधायची

आधी लक्षणं बघा. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असं वाक्य लिहिणाऱ्या लेकराला क्रियापदाची रूपं येत नसतात असं नाही. ‘सी’चं तिसरं रूप ‘सीन’ त्याला पाठ असतं. ‘आय’ला ‘हॅव’ आणि ‘ही’ला ‘हॅज’ हेही तो बरोबर लावतो. तरी उत्तरावर लाल काट येते आणि त्याला कळत नाही की नेमकं काय चुकलं. घरी जाऊन तो पुन्हा रूपांचा तक्ता पाठ करतो, आणि पुढच्या चाचणीत तीच चूक पुन्हा होते. दुखणं रूपात नाही, त्यामुळे तक्ता कितीही वेळा पाठ केला तरी उपयोग होत नाही.

बारावीच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये, तलाठी भरतीत, एमपीएससीच्या किंवा बँकेच्या परीक्षेत हीच चूक तीन वेषांत दिसते. रिकाम्या जागेत ‘लास्ट मंडे’ दिलेलं असताना पोरं ‘हॅज गॉन’ भरतात. वाक्याचे चार तुकडे करून चूक शोधायला सांगितली की ‘नो एरर’वर खूण करतात, कारण वाक्य कानाला बरोबर वाटतं. तिसरा वेष उलटा आहे: नियम नुकताच शिकलेला विद्यार्थी घाबरून ‘सिन्स लास्ट मंडे’ असलेलं बरोबर वाक्यही कापतो. तिन्हींचं मूळ एकच आहे.

खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. बऱ्याच चुका पहिल्याच तपासणीत सापडतात, म्हणून क्रम मोडू नका.

पहिली तपासणी: वेळेच्या शब्दाखाली रेघ मारा आणि मराठीत एक प्रश्न विचारा

क्रियापदाकडे बघण्याआधी पेन्सिल घेऊन वाक्यातल्या वेळेच्या शब्दाखाली रेघ मारा. मग तो शब्द कोणत्या मराठी प्रश्नाचं उत्तर आहे ते बघा. तो ‘कधी?’चं उत्तर असेल आणि ती वेळ संपलेली असेल, तर क्रियापद साध्या भूतकाळात जातं: सॉ, वेंट, बॉट, मेट. तो ‘कधीपासून?’, ‘किती वेळा?’ किंवा ‘आतापर्यंत?’ यांचं उत्तर असेल, तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ चालतं.

‘यस्टरडे’, ‘लास्ट नाइट’, ‘टू डेज अगो’, ‘इन 1993’, ‘ऑन मंडे’, ‘ॲट फाइव्ह ओक्लॉक’, ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ हे सगळे ‘कधी?’ची उत्तरं आहेत. यांच्यातला ‘अगो’ सगळ्यात पक्का आहे. ‘अगो’ दिसला की त्याच्या क्रियापदाला ‘हॅव’ लावायचं नाही, अपवाद शोधत बसू नका. आपल्याकडे ‘टू डेज बॅक’ असंही म्हणतात, त्यालाही हाच नियम.

आता हे असं का, ते समजून घ्या. नुसती यादी पाठ केली तर यादीत नसलेला शब्द आला की पुन्हा घसरण होते.

मराठीत ‘मी काल त्याला पैसे दिले आहेत’ हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. दुकानदाराशी हिशोबावरून बोलणं चाललं तर कुणीही असंच म्हणेल. ‘काल’ही आहे आणि ‘आहेत’ही आहे, कुणाला खटकत नाही. कारण मराठीत ‘काल’ हा शब्द ‘दिले’ला जाऊन चिकटतो, आणि ‘आहेत’ मागून येऊन सांगतो की ती गोष्ट आजही खरी आहे, आजही लागू आहे. दोघांची कामं वेगळी असल्याने भांडण होत नाही. जर्मन भाषेतही ‘काल’सोबत असं रूप सहज चालतं. म्हणजे लेकराची बुद्धी चुकलेली नाही, त्याने आपल्या भाषेचा नियम इंग्रजीला लावला आहे.

इंग्रजी इथे वेगळी वागते. ‘हॅव’ हे वर्तमानकाळाचं क्रियापद आहे, आणि ‘हॅव सीन’ या जोडीचा पाय आजच्या क्षणात रोवलेला असतो. म्हणून वेळेचा शब्दही असा लागतो, जो आजच्या क्षणापर्यंत येऊन पोचतो. ‘यस्टरडे’ काल रात्रीच संपला, तो आजपर्यंत येत नाही. इंग्रजीत तो शब्द नुसत्या ‘सीन’ला चिकटू शकत नाही, अख्ख्या ‘हॅव सीन’ला लागू होतो. एक पाय आज आणि एक पाय काल अशी ओढाताण होते, आणि वाक्य चूक ठरतं.

म्हणून दुरुस्तीचे दोनच मार्ग आहेत. एक तर वेळ ठेवा आणि क्रियापद बदला: ‘आय सॉ हिम यस्टरडे’. नाहीतर ‘हॅव’ ठेवा आणि वेळ काढा: ‘आय हॅव सीन हिम’. चूक शोधण्याच्या किंवा रिकाम्या जागेच्या प्रश्नात वेळेचा शब्द छापलेला असतो, त्याला हात लावता येत नाही, म्हणून तिथे पहिला मार्ग. पण ‘प्रेझेंट परफेक्टमध्ये वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न असेल आणि मूळ वाक्य ‘शी रोट अ लेटर यस्टरडे’ असेल, तर उत्तर ‘शी हॅज रिटन अ लेटर’ एवढंच लिहा. ‘यस्टरडे’ तसाच उतरवून ठेवला की काळ बरोबर बदलूनही वाक्य चूक होतं. या एका शब्दापायी गुण जाताना फार वेळा दिसतं.

चुकीची दुरुस्ती: ‘हॅव’ काढून ‘हॅड’ टाकणं

हे मध्येच सांगावं लागतं, कारण पहिली तपासणी झाली की बरीच पोरं इथेच अडखळतात. ‘हॅव’ चालत नाही म्हटल्यावर ‘आय हॅड गॉन टू परभणी यस्टरडे’ असं लिहितात. यालाही मराठीच कारण आहे. ‘मी काल परभणीला गेलो होतो’ असं आपण रोज बोलतो. त्या ‘होतो’चा अर्थ एवढाच की गेलो आणि आता परत आलोय.

इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्याही आधी पहिली घटना झाली होती. ‘व्हेन द रेन स्टार्टेड, वी हॅड ऑलरेडी रीच्ड परभणी’ यात पाऊस ही दुसरी घटना आहे, म्हणून ‘हॅड’ बरोबर. एकटंच वाक्य असेल, आजूबाजूला दुसरी घटना नसेल, तर साधं ‘आय वेंट टू परभणी यस्टरडे’. ‘हॅड’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा: कशाच्या आधी? उत्तर सापडलं नाही तर ‘हॅड’ खोडा.

दुसरी तपासणी: संपलेल्या वेळेच्या आधी कोणता छोटा शब्द आहे?

‘लास्ट मंडे’ दिसला की हात लगेच ‘हॅव’ कापायला जातो. थांबा आणि त्याच्या आधीचा शब्द वाचा. ‘सिन्स लास्ट मंडे’ असेल तर सगळं चित्र बदलतं. सोमवार संपला हे खरं, पण ‘सिन्स’ सोमवारपासून निघून आजपर्यंत येतो. ‘ही हॅज बीन इल सिन्स लास्ट मंडे’ हे वाक्य बरोबर आहे, आणि इथे ‘ही वॉज इल’ केलं तर बरोबरचं चूक होतं.

इथे आपली मराठी उलट मदतीला येते. ‘काल’ आणि ‘कालपासून’ यांतला फरक कुणालाही शिकवावा लागत नाही. ‘गेल्या वर्षी’ आणि ‘गेल्या वर्षभरात’ हेही तसंच. इंग्रजी शब्दाचं नीट मराठी करा, उत्तर आपोआप समोर येतं. ‘लास्ट इयर’ म्हणजे गेल्या वर्षी, बंद वेळ, साधा भूतकाळ. ‘इन द लास्ट टू इयर्स’ म्हणजे गेल्या दोन वर्षांत, जे आजपर्यंत येतं, तिथे ‘हॅव’. ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ म्हणजे गेली दोन वर्षं, तिथेही ‘हॅव’. शब्द तोच ‘लास्ट’, पण त्याच्या मागेपुढे ‘इन द’ किंवा ‘फॉर द’ आणि वर्षांची संख्या आली की दार उघडं राहतं.

मराठवाड्यातली तीन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘द युनिव्हर्सिटी हॅज बीन एस्टॅब्लिश्ड इन 1958’ हे चूक आहे, ‘वॉज एस्टॅब्लिश्ड’ हवं, कारण 1958 हे ‘कधी?’चं उत्तर आहे. ‘थाउजंड्स ऑफ स्टुडंट्स हॅव स्टडीड देअर सिन्स 1958’ हे बरोबर, कारण इथे 1958पासून आजपर्यंतचा सगळा काळ मोजला आहे. आणि पहिल्या चुकीत आणखी एक सापळा आहे: वाक्य कर्मणी आहे. ‘हॅज बीन’ मध्ये आल्यामुळे डोळ्याला ते वेगळंच काहीतरी वाटतं आणि नियम आठवत नाही. ‘हॅज बीन’ही ‘हॅज’च आहे. ‘मराठवाडा हॅज बीन लिबरेटेड ऑन 17 सप्टेंबर 1948’ हे तिसरं वाक्य त्याच कारणाने चूक, ‘वॉज लिबरेटेड’ बरोबर.

‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘धिस इयर’ ही अजून न संपलेली वेळ आहे, म्हणून त्यांच्यासोबत ‘हॅव’ चालतं. ‘धिस मॉर्निंग’चं थोडं अवघड आहे. सकाळी दहाला बोलत असाल तर सकाळ चालू आहे आणि ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ चालेल. संध्याकाळी बोलत असाल तर सकाळ संपली, ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’ हवं. प्रश्नात बोलण्याची वेळ दिली नसेल तर त्या शब्दावर निर्णय घेऊ नका, पर्यायांत दुसरीकडे ठळक चूक आहे का ते बघा. बहुतेक वेळा असते.

‘जस्ट’ आणि ‘जस्ट नाउ’ यांत गोंधळ होतो. ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’ बरोबर. ‘जस्ट नाउ’ म्हणजे क्षणभरापूर्वी, म्हणून स्पर्धा परीक्षेत ‘ही लेफ्ट जस्ट नाउ’ लिहिणं सुरक्षित.

तिसरी तपासणी: वेळेचा शब्द नेमका कोणत्या क्रियापदाचा?

वाक्यात दोन क्रियापदं आली की पहिल्या दोन तपासण्या फसवू शकतात. ‘द टीचर हॅज करेक्टेड द पेपर्स व्हिच वी रोट ऑन मंडे’ हे वाक्य घ्या. ‘ऑन मंडे’ आहे, ‘हॅज’ही आहे, तरी वाक्य बरोबर आहे. सोमवार हा पेपर लिहिण्याचा दिवस आहे, तपासण्याचा नाही. ‘ऑन मंडे’ ‘रोट’ला लागतो, आणि ‘रोट’ आधीच साध्या भूतकाळात आहे.

तपासायची पद्धत सोपी आहे. वाक्याचे दोन तुकडे पाडा आणि वेळेचा शब्द ज्या तुकड्यात बसतो त्याच तुकड्याचं क्रियापद तपासा. ‘ही हॅज टोल्ड मी दॅट ही मेट हर यस्टरडे’ यात ‘यस्टरडे’ भेटण्याचा आहे, सांगण्याचा नाही. वाक्य बरोबर. ‘यस्टरडे ही हॅज टोल्ड मी…’ अशी सुरुवात असती, तर तोच शब्द सांगण्याला लागला असता आणि ‘टोल्ड’ करावं लागलं असतं. जागा बदलली की मालक बदलतो.

चौथी तपासणी: वेळ लिहिलेली नाही, पण आहे

आता एक उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासू. रिकाम्या जागा अशा भरल्या होत्या: ‘ॲन अर्थक्वेक हॅज स्ट्रक किल्लारी ऑन 30 सप्टेंबर 1993. थाउजंड्स ऑफ पीपल हॅव डाइड दॅट मॉर्निंग. मेनी हाउसेस हॅव कोलॅप्स्ड. सिन्स देन, मेनी व्हिलेजेस हॅव बीन रीबिल्ट.’ चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. किती चूक?

पहिल्या वाक्यात तारीख आहे, ‘कधी?’चं सरळ उत्तर. ‘स्ट्रक’ हवं. दुसऱ्यात ‘दॅट मॉर्निंग’ आहे. तारीख नाही, पण ‘दॅट’ त्याच सकाळीकडे बोट दाखवतो. ‘डाइड’ हवं. तिसरं वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण त्यात वेळेचा एकही शब्द नाही. एकटं वाचलं तर ‘मेनी हाउसेस हॅव कोलॅप्स्ड’ अगदी बरोबर वाक्य आहे, घरं पडून ढिगारे आत्ता समोर दिसत असतील तर असंच म्हणतात. पण इथे आपण अजून त्याच 1993च्या पहाटेबद्दल बोलतोय, आधीच्या दोन वाक्यांनी वेळ ठरवून दिली आहे. म्हणून ‘कोलॅप्स्ड’. चौथं वाक्य मात्र बरोबर आहे: ‘सिन्स देन’ त्या दिवसापासून आजपर्यंत येतं, ‘हॅव बीन रीबिल्ट’ तसंच ठेवा. चारपैकी तीन चूक, एक बरोबर. ज्याने चारही ‘वेंट-केम’च्या धाटणीत बदलली त्याचाही एक गुण जातो.

लपलेल्या वेळेचा दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे ‘व्हेन’ने सुरू होणारा प्रश्न. ‘तू हा फोन कधी घेतलायस?’ असं आपण सहज विचारतो, म्हणून ‘व्हेन हॅव यू बॉट धिस फोन?’ असं लिहिलं जातं. ‘व्हेन’ म्हणजे खुद्द ‘कधी?’. त्याचं उत्तर एखादी संपलेली वेळच असणार, म्हणून प्रश्नही ‘व्हेन डिड यू बाय धिस फोन?’ असाच हवा. ‘हाउ लाँग हॅव यू हॅड धिस फोन?’ मात्र बरोबर, कारण त्याचं उत्तर आजपर्यंत येतं.

पाचवी तपासणी: हे खरंच प्रेझेंट परफेक्ट आहे का?

इतकं शिकल्यावर ‘ही मस्ट हॅव रीच्ड लातूर यस्टरडे’ या वाक्यावर काट मारण्याचा मोह होतो. मारू नका, वाक्य बरोबर आहे. ‘मस्ट’, ‘मे’, ‘कुड’, ‘शुड’ यांच्या नंतर आलेल्या ‘हॅव’चा पाय आजमध्ये नसतो. तिथे तेच भूतकाळ दाखवायचं काम करतं, कारण ‘मस्ट सॉ’ असं इंग्रजीत करताच येत नाही. ‘ही सीम्स टू हॅव लेफ्ट लास्ट नाइट’ यातही तेच, ‘टू’नंतरचं ‘हॅव’ मोकळं आहे.

ओळखायची खूण एकच. कर्ता बदलल्यावर ‘हॅव’चं ‘हॅज’ होतं का ते बघा. ‘आय हॅव सीन’चं ‘ही हॅज सीन’ होतं, म्हणजे हे वर्तमानकाळी ‘हॅव’ आहे आणि त्याला संपलेली वेळ चालत नाही. ‘आय मस्ट हॅव सीन’चं ‘ही मस्ट हॅज सीन’ कधीच होत नाही. न बदलणाऱ्या ‘हॅव’ला हा नियम लावायचा नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

पाचही तपासण्या करून उत्तर तेच राहत असेल आणि तरी चूक धरलं असेल, तर घरी तासन्‌तास वाद घालू नका. शिकवणीतली चाचणी असेल तर सरांना किंवा मॅडमना वाक्य दाखवा आणि नेमकं एवढंच विचारा: ‘सर, यातला वेळेचा शब्द कोणत्या क्रियापदाचा धरला?’ नव्वद टक्के गैरसमज या एका प्रश्नात मिटतात असं म्हणायचं नाही, पण बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

एमपीएससीसारख्या परीक्षेत पहिली उत्तरतालिका जाहीर झाल्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. हरकत फक्त तेव्हाच घ्या जेव्हा प्रश्न खरोखर दोन्ही बाजूंनी बसतो, जसं ‘धिस मॉर्निंग’ आणि बोलण्याची वेळ दिलेलीच नाही. सोबत मान्यताप्राप्त व्याकरणाच्या पुस्तकाचं ते पान जोडा. ‘वर्तमानपत्रात असं छापून येतं’ हा आधार लावू नका. बोलण्यात आणि बातम्यांत ‘हॅज डाइड लास्ट नाइट’ अधूनमधून सापडतं, पण परीक्षेत ते चूकच धरतात. वाक्यात ‘यस्टरडे’, ‘अगो’ किंवा वर्ष त्याच क्रियापदाला लागलेलं असेल, तर हरकतीचे पैसे वाया घालवू नका.

बोर्डाच्या दहावी-बारावीत आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, आणि ती हातात आल्यावरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. लातूर, नांदेड, धाराशिव जिल्ह्यांचं काम लातूर विभागीय मंडळाकडे असतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली यांचं संभाजीनगरकडे. छायाप्रत आली की अर्ज भरण्याआधी ती इंग्रजीच्या जाणत्या शिक्षकांसमोर ठेवा आणि त्यांनी ‘गुण मिळायला हवा होता’ असं स्पष्ट सांगितलं तरच पुढे जा.